पगारातून गेलेले तीन दिवस

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि आकडा नेहमीपेक्षा चार हजारांनी कमी असतो. अशा वेळी रागाच्या किंवा धास्तीच्या भरात एचआरला जे पत्र जातं ते साधारण असं असतं: ‘या महिन्यात माझा पगार ४,३३० रुपयांनी कमी आला आहे. घराचा हप्ता आहे, कृपया तातडीने लक्ष घालावे.’ दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं: ‘तुमच्या हजेरीनुसार एलओपी लागू झाला आहे.’ एलओपी म्हणजे बिनपगारी रजा. उत्तर खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. कोणत्या दिवसांसाठी, कोणत्या नियमाने, हे दोन प्रश्न तसेच राहतात आणि दुसऱ्या पत्राला आणखी आठवडा जातो.

यात एचआरचा आळस असतोच असं नाही. पेरोलच्या टेबलावर बसलेल्या माणसासमोर पगार रुपयांत येत नाही, दिवसांत येतो. हजेरीच्या यंत्रणेतून त्याच्याकडे प्रत्येकाचे पगारी दिवस आणि बिनपगारी दिवस येतात. पुढचे रुपये सॉफ्टवेअर काढतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर काढतं. रजेची चुकीची कपात होते ती त्याआधीच, दिवस मोजताना. म्हणून ‘४,३३० रुपये कुठे गेले?’ असं विचारलं तर त्याला शोधायला जागाच मिळत नाही. ‘हे तीन दिवस बिनपगारी का धरले?’ असं विचारलं तर तो थेट त्या नोंदीपाशी जातो. तेव्हा पत्र लिहिण्याआधी रुपयांचे दिवस करायचे. हे काम वाटतं तितकं सरळ नाही, म्हणून एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. माणूस कल्पनेतला आहे, पण तारखा २०२६च्या कॅलेंडरमधल्याच आहेत आणि असा घोळ कुठल्याही मध्यम आकाराच्या कंपनीत होऊ शकतो.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात काम करणारी एक तरुणी. महिन्याचा एकूण पगार ४२,००० रुपये. त्यात बेसिक २१,०००, बाकी घरभाडं आणि इतर भत्ते. तिच्या कंपनीत पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात, म्हणजे १२ टक्क्यांनी २,५२० रुपये. व्यवसाय कर २०० रुपये. आयकर या पगाराला लागत नाही. हातात दर महिन्याला येतात ३९,२८०. चुलतभावाचं लग्न कोल्हापूरला होतं. २६ जानेवारीचा सोमवार, त्याआधीचे शनिवार-रविवार सुटीचे. तिने शुक्रवार २३ आणि मंगळवार २७ अशा दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. साहेबांनी ती मंजूर केली, लग्न झालं, ती बुधवारी कामावर हजर झाली. जानेवारीचा पगार पूर्ण आला. फेब्रुवारीचा मात्र आला ३४,९५० रुपये.

पहिली गफलत इथेच होते. फेब्रुवारीचा पगार कमी आला म्हणून माणूस फेब्रुवारीची हजेरी तपासतो. त्या महिन्यात तर एकही सुटी घेतलेली नसते, त्यामुळे कपात निव्वळ मनमानी वाटते आणि पत्राचा सूर चढतो. पण पगार महिनाअखेरीस खात्यात पडायचा तर हजेरी काही दिवस आधीच बंद करावी लागते. म्हणून पुष्कळ कंपन्यांत हजेरीचा महिना २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत किंवा २६ पासून २५ पर्यंत धरतात. या मुलीच्या कंपनीत तो २१ ते २० होता. म्हणजे २१ जानेवारीनंतरच्या सगळ्या रजा फेब्रुवारीच्या पगारात उतरणार. लग्नाची रजा तिथेच होती.

आता रुपये. ३९,२८० वजा ३४,९५० म्हणजे ४,३३०. हे किती दिवस झाले? सवयीने आपण पगाराला तीसने भागतो: ४२,००० भागिले ३०, रोजचे १,४००. त्याने ४,३३० ला भागलं तर तीन दिवसांच्या वर काही पैसे उरतात. दिवस अपुरा राहिला की वाटतं, हिशोबातच काही काळंबेरं आहे. तसं काही नाही. बँकेत आलेल्या रकमेवरून दिवस काढता येत नाहीत, इतकंच. त्या रकमेत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या पगारपत्रकावर सुट्या दिसतात.

एक गोष्ट फेब्रुवारीची खास आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये असला तरी फेब्रुवारीत ३०० कापतात. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे असे ते अडीच हजार पुरे होतात. म्हणजे ४,३३० मधले १०० रुपये कुणीही चुकून कापलेले नाहीत आणि ते परत मागायचेही नाहीत. दुसरी गोष्ट पीएफची. पगारी दिवस कमी झाले की बेसिक कमी होतं आणि त्याबरोबर पीएफही कमी कापला जातो. तिच्या पगारपत्रकावर बेसिक २१,००० ऐवजी १८,७५० होतं आणि पीएफ २,५२० ऐवजी २,२५०. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेत २७० रुपयांची ‘बचत’ दिसते. ती खरी बचत नव्हे, कारण तेवढीच रक्कम तिच्या पीएफ खात्यातही कमी गेली आणि कंपनीचा बरोबरीचा वाटाही त्या प्रमाणात आटला. तर ४,३३० मधून कराचे १०० वजा करायचे आणि पीएफचे २७० मिळवायचे. उत्तर येतं ४,५००. हीच खरी कपात.

आता भागाकार. या कंपनीत रोजचा दर त्या महिन्याच्या दिवसांनी काढतात. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून ४२,००० भागिले २८, म्हणजे १,५००. आणि ४,५०० म्हणजे बरोबर तीन दिवस. काही कंपन्या बारा महिने तीसनेच भागतात, काही सव्वीसने. आपल्याकडे काय चालतं हे नेमणूकपत्रात किंवा पगाराच्या नियमांत असतं. पण पूर्ण दिवस निघाला की आपण योग्य भाजक धरला हे कळतं, अर्धा दिवस निघाला तर हाफ-डेची नोंद शोधावी लागते आणि भलताच अपूर्णांक आला तर कपात रजेची नाहीच, दुसरीच काहीतरी आहे असं समजावं. पडताळा पगारपत्रकावरच असतो: पगारी दिवस २५, एलओपी ३.

तीन दिवस कोणते, हे शोधायला ती रजेच्या पोर्टलवर गेली आणि तिथे तिला चांगलाच गोंधळ दिसला. २३ आणि २४ जानेवारीपुढे किरकोळ रजा लिहिलेली होती, तर २५, २६ आणि २७ पुढे एलओपी. मंजूर झालेली २७ तारीख बिनपगारी आणि शनिवारची सुटी मात्र रजेत! यंत्रणेने केलं होतं ते असं: दोन रजांच्या मधले शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिन हे सगळे रजेत धरले. ऑफिसात याला सँडविच म्हणतात. दोनची रजा पाच दिवसांची झाली. तिच्या खात्यात किरकोळ रजेचे दोनच दिवस होते, कारण महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाच्या आठ किरकोळ रजा तिमाहीने जमा होतात आणि जानेवारी ते मार्चच्या वाट्याला दोनच येतात. यंत्रणेने ते दोन दिवस पहिल्या दोन तारखांना लावले, शिल्लक संपली आणि पुढच्या तीन तारखा बिनपगारी झाल्या.

म्हणूनच पत्रात ‘२७ तारखेची माझी रजा मंजूर असताना एलओपी का लावला?’ असं एकच टोक धरून चालत नाही. पेरोलवाला २७ ची नोंद दुरुस्त करील, तिथे किरकोळ रजा लावील आणि शिल्लक नाही म्हणून २४ तारीख बिनपगारी होईल. आकडा तीनचा तीनच राहील. चूक एका तारखेची नाही, पाच दिवस मोजण्याची आहे. पत्रात पाचही तारखा मांडाव्या लागतात.

सँडविच लावणं हे सरसकट चूकच, असं म्हणता येत नाही आणि या विषयावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जे ठामपणे सांगितलं जातं त्यातलं बरंच ऐकीव असतं. सरकारी नोकरीत असलेल्यांना हा फरक पाठ असतो: किरकोळ रजेच्या मध्ये आलेली सुटी रजेत मोजत नाहीत, अर्जित रजेच्या मध्ये आलेली मोजतात. कारखान्यांसाठी १९४८च्या कारखाना कायद्यात उलट बाजू होती. तिथे पगारी वार्षिक रजेतूनसुद्धा मधल्या सुट्या वगळायच्या असा नियम कलम ७९ मध्ये होता. खासगी कार्यालयांत मात्र पहिला शब्द कंपनीच्या रजा-धोरणाचा. कुठे सँडविच सगळ्या रजांना लागतं, कुठे फक्त अर्जित रजेला, कुठे फक्त न कळवता मारलेल्या दांडीला, कुठे अजिबात नाही. त्यामुळे पत्र लिहिण्याआधी ते धोरण उघडून वाचणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. या मुलीने वाचलं. तिच्या कंपनीच्या धोरणात मधल्या सुट्या धरण्याचा नियम अर्जित रजेच्या कलमाखाली होता. किरकोळ रजेच्या कलमात त्याचा उल्लेख नव्हता.

तिचं पत्र सोमवार, २ मार्चला ईमेलने गेलं. बऱ्याच कंपन्यांत असा पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. मांडणी कोणत्याही भाषेत हीच राहते.

‘प्रति, मनुष्यबळ विभाग, पेरोल.

विषय: फेब्रुवारी २०२६च्या पगारात लागलेले ३ दिवस एलओपी, कर्मचारी क्रमांक अमुक.

महोदय, फेब्रुवारी २०२६च्या माझ्या पगारपत्रकात पगारी दिवस २५ आणि एलओपी ३ दाखवले आहेत. त्यामुळे एकूण पगारातून ४,५०० रुपये कमी झाले आहेत. ही नोंद २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या हजेरीच्या काळातली आहे.

या काळात मी शुक्रवार २३ जानेवारी आणि मंगळवार २७ जानेवारी असे दोन दिवस किरकोळ रजेवर होते. अर्ज १२ जानेवारीला पोर्टलवर केला होता आणि तो १३ जानेवारीला मंजूर झाला. तेव्हा माझ्या खात्यात किरकोळ रजेचे २ दिवस शिल्लक होते. २४ आणि २५ जानेवारी या साप्ताहिक सुट्या होत्या आणि २६ जानेवारी कंपनीच्या सुट्यांच्या यादीत आहे. पोर्टलवर मात्र २३ ते २७ हे पाचही दिवस रजा धरून, पहिले दोन किरकोळ रजेत आणि पुढचे तीन एलओपीत दाखवले आहेत.

रजा-धोरणात मधल्या सुट्या रजेत धरण्याचा नियम मला अर्जित रजेच्या कलमात दिसला. किरकोळ रजेला तो लागू असल्याचा उल्लेख आढळला नाही. तरी हे तीन दिवस कोणत्या नियमानुसार एलओपी धरले, ते कृपया कळवावे.

ही नोंद चुकून झाली असल्यास तीन दिवसांचा पगार फेब्रुवारीच्या दराने, त्यावरील पीएफसह, मार्चच्या पगारात द्यावा आणि रजेच्या खात्यात २३ व २७ जानेवारी या दोनच तारखा किरकोळ रजा म्हणून ठेवाव्यात. हे दिवस माझ्या अर्जित रजेतून वजा करू नयेत, ही विनंती.

मार्चची हजेरी २० तारखेला बंद होते आणि १९ला गुढीपाडव्याची सुटी आहे. तेव्हा ११ मार्चपर्यंत उत्तर मिळाल्यास दुरुस्ती याच महिन्यात बसेल.

सोबत: फेब्रुवारीचे पगारपत्रक, रजा मंजुरीचा ईमेल, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या हजेरीचे आणि रजेच्या शिलकीचे स्क्रीनशॉट.’

पत्राची प्रत तिने आपल्या साहेबांना ठेवली, कारण मंजुरी त्यांची होती आणि एचआर पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार होतं. त्याहून वरच्या कुणाला प्रत पाठवली नाही, ते बरं केलं. पहिल्याच पत्रावर संचालकांचं नाव दिसलं की पेरोलवाला माणूस हिशोब तपासण्याआधी स्वतःचा बचाव तयार करतो.

या पत्रात घराचा हप्ता नाही, ‘मानसिक त्रास’ नाही आणि कायद्याचं कलमही नाही. त्यातला प्रश्न मात्र खरा प्रश्न आहे. आरोपाला प्रश्नचिन्ह जोडलेलं नाही. याला कारण आहे. कपातीमागे तिला माहीत नसलेली गोष्ट असूच शकते. एखाद्याच्या साहेबांनी मंजुरी दिली, पण ती फक्त फोनवर, पोर्टलवर बटण दाबायचं राहून गेलं. एखाद्याने रजेचा अर्ज केलाच नाही, व्हॉट्सॲपवर कळवलं आणि साहेबांनी अंगठा दाखवला. एखाद्या दिवशी कार्डाचा पंच उमटला नाही आणि तो दुरुस्त करून घेण्याची मुदत टळली. अशा वेळी कपात चुकीची नसते, नोंद अपुरी असते आणि पत्रही वेगळं लागतं: नियम विचारण्यापेक्षा साहेबांच्या दोन ओळींच्या दुजोऱ्यासह उशिरा नोंद करून घेण्याची विनंती करावी. ‘माझा पगार चुकीचा कापला’ असं तिथे लिहिलं तर पुढची दारं आपणच बंद करतो.

स्क्रीनशॉटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पोर्टलवरच्या नोंदी बदलतात आणि बदलल्यावर जुनी नोंद कर्मचाऱ्याला बहुधा दिसत नाही. दुरुस्ती अर्धवट झाली तर आधी काय होतं हे दाखवायला हातात काहीच राहत नाही. शिवाय नोकरी सोडली की पोर्टलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद होतो. म्हणून तारखेसकट चित्रं आधी काढायची आणि ती ऑफिसच्या लॅपटॉपवरच न ठेवता स्वतःकडेही ठेवायची, अर्थात फक्त आपल्या नोंदींची.

उत्तर तीनपैकी एका तऱ्हेने येतं. सरळ उत्तर असं: नव्या वर्षाच्या रजा पोर्टलमध्ये भरताना सँडविचचा नियम किरकोळ रजेलाही लागला, दुरुस्त करतो. जानेवारी ते मार्चमध्ये ही चूक जास्त दिसते, कारण रजेचं वर्ष बदललं की सगळे नियम पुन्हा बसवावे लागतात. असं उत्तर आलं तर बाकीच्यांच्याही पगारात तोच घोळ असणार, हे एचआरच्या लक्षात आलेलं असतं.

दुसरं उत्तर गोड असतं आणि त्याकडेच नीट पाहावं लागतं: ‘तुमच्या खात्यात अर्जित रजा शिल्लक आहे, तीन दिवस त्यातून वळते करून पगार परत देतो.’ पैसे येतात, माणूस खूश होतो. पण चूक तशीच राहते. फक्त ती पगारातून उठून रजेच्या खात्यात जाऊन बसते. त्या तीन दिवसांनाही किंमत आहे. पुढे आजारपणात ते लागतील किंवा नोकरी सोडताना त्यांचे पैसे मिळतील. पत्रात अर्जित रजेचं वाक्य आधीच घातलं होतं ते यासाठी. आपल्या बाजूला धोरण नसेल आणि तडजोड करायचीच असेल तर हा मार्ग वाईट नाही, पण तो स्वतःहून पहिल्या पत्रात सुचवू नये.

तिसरं उत्तर नकाराचं: धोरणातलं एखादं कलम किंवा नवं परिपत्रक दाखवून सँडविच किरकोळ रजेलाही लागतं असं सांगितलं जातं. ते परिपत्रक कधीचं आहे ते पाहावं. २३ जानेवारीनंतरचं असेल तर ते या रजेला लागू करण्याला आधार नाही. जुनं असेल तर वाद तीनऐवजी एका दिवसावर येतो, तो म्हणजे २६ जानेवारी. आस्थापना कायद्याने वर्षातल्या ज्या आठ पगारी सुट्या दिल्या आहेत त्यांतल्या चार नावानिशी ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कायद्याने पगारी ठरवलेला दिवस कंपनीच्या धोरणाने बिनपगारी कसा होतो, हा प्रश्न तिथे विचारण्यासारखा आहे. हा कायदा व्यवस्थापकीय जबाबदारीच्या जागांना लागत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. अकाउंट्समधल्या साध्या नोकरीला लागतो.

समजा, सरळ उत्तर आलं. मार्चचा पगार जमा झाला की पुन्हा पगारपत्रक उघडायचं, कारण परतफेडीतही एक नेहमीची चूक होते. परत द्यायचे दिवस फेब्रुवारीचे, पण पगार निघतो मार्चचा. पेरोलवाल्याने मार्चमध्ये नुसते तीन दिवस वाढवले तर सॉफ्टवेअर ४२,००० ला ३१ ने भागतं. दिवसाला १,३५५ रुपयांच्या आसपास, तीन दिवसांचे साधारण ४,०६५. कापताना १,५०० च्या दराने कापले आणि देताना १,३५५ च्या दराने दिले. सुमारे ४३५ रुपये मध्येच राहिले. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण कुणी विचारलं नाही तर दुरुस्तही होत नाही. ‘फेब्रुवारीच्या दराने’ हे दोन शब्द पत्रात यासाठीच होते. पगार देणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या महिन्याचा एलओपी उलटवण्याची वेगळी सोय असते आणि तिने दर आपोआप बरोबर लागतो.

या मुलीच्या मार्चच्या पगारपत्रकावर काय दिसायला हवं? नेहमीचे ४२,०००, त्यापुढे फेब्रुवारीची थकबाकी ४,५००. थकबाकीतलं बेसिक २,२५०, त्यावरचा पीएफ २७०, म्हणून या महिन्याचा पीएफ २,५२० ऐवजी २,७९०. व्यवसाय कर पुन्हा २००. हातात ४३,५१०. नेहमीच्या ३९,२८० पेक्षा हे ४,२३० ने जास्त आहे, आणि कमी आले होते ४,३३०. हे शंभर रुपये म्हणजे फेब्रुवारीचा तो व्यवसाय कर. त्यासाठी दुसरं पत्र लिहू नये. पीएफची थकबाकी खात्यात पोहोचली का ते पुढच्या महिन्यात ईपीएफओच्या पासबुकवर दिसतं.

वेळेचा मुद्दाही साधा नाही. मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना. दुरुस्ती २० मार्चच्या आत बसली तर ती त्याच वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये जाते. चुकली तर फेब्रुवारीची थकबाकी एप्रिलमध्ये, म्हणजे नव्या वर्षाच्या उत्पन्नात पडते. या पगाराला त्याने फरक पडत नाही. कराच्या कक्षेत असणाऱ्याला पडू शकतो. पण एरवीच्या महिन्यांतही हजेरी बंद होण्याच्या दहा दिवस आधी पत्र पोहोचावं. त्यानंतर आलेलं पत्र कितीही बरोबर असलं तरी पुढच्या महिन्यावरच जातं.

आणि उत्तरच आलं नाही तर? ११ मार्च उलटल्यावर त्याच ईमेलच्या साखळीत एक ओळ: ‘खालील पत्राची स्थिती कृपया कळवावी.’ नवं पत्र काढू नये, कारण जुन्या तारखा त्याच साखळीत दिसत राहणं आपल्या फायद्याचं असतं. त्यानंतर एचआर प्रमुखांना. कायद्याचं नाव त्याच्याही पुढच्या पायरीवर येतं, पण तो काय म्हणतो हे आधीच माहीत असलेलं बरं.

इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे. पगारातल्या कपातीबद्दलचा जुना कायदा १९३६चा वेतन प्रदान कायदा. पण २०१७पासून तो महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू होता, त्यामुळे ४२,००० वालीला त्या दारातून जाताच येत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा वेतन संहिता, २०१९ने घेतली आणि तिच्यातल्या वेतन देण्याच्या आणि कपातीच्या तरतुदींना अशी पगाराची मर्यादा नाही. गैरहजेरीबद्दल कपात करायला संहिता परवानगी देते, पण गैरहजेरीचा काळ एकूण कामाच्या काळाच्या जेवढ्या प्रमाणात असेल त्याहून जास्त प्रमाणात पगार कापता येत नाही. जो दिवस कामाचाच नव्हता त्या दिवशी माणूस गैरहजर कसा, हा वाद या वाक्यावर उभा राहतो. पगार कमी दिल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, दावा ऐकणारा अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

तरीही नोकरीत असताना साडेचार हजारांसाठी कामगार खात्याची पायरी चढणारा माणूस विरळा, आणि माझ्या मते ते समजण्यासारखंही आहे. पण तीन वर्षांची मुदत अशा माणसासाठी वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते. राजीनामा दिल्यावर शेवटचा हिशोब होतो. संहितेप्रमाणे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. त्या वेळी एक कागद सहीला येतो आणि त्यावर बहुधा ‘माझी कंपनीकडे कोणतीही येणी राहिलेली नाहीत’ असं छापलेलं असतं. फेब्रुवारीचे तीन दिवस अजून अडकलेले असतील तर सही करण्याआधी त्या ओळीखाली हाताने लिहावं: ‘फेब्रुवारी २०२६चे ३ दिवसांचे वेतन, ४,५०० रुपये, येणे बाकी, संदर्भ २ मार्च २०२६चा ईमेल.’ आणि सही केलेल्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्यावा.